रंग वाचून नको, कोऱ्या कागदावरून द्या

उजळणीसाठी विषयातल्या मुद्द्यांची यादी तयार आहे ना, मग कोणता मुद्दा किती येतो हे दाखवणारा हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देण्याआधी तिच्या ओळी लहान करा. ‘प्रकाश’ हे अख्खं प्रकरण एका ओळीत ठेवलं तर ते कायम पिवळंच राहतं आणि नेमकं काय उजळायचं ते कळत नाही. किरणाकृती, चिन्ह संकेत, आरशाचं सूत्र, भिंगाचं सूत्र अशा वेगळ्या ओळी पाडा.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे धडा वाचून झाल्या झाल्या हिरवा रंग देणं. पान समोर असताना सगळंच ओळखीचं वाटतं. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर मुद्दा मांडा, एक नवं गणित सोडवा आणि मगच रंग द्या:

- हिरवा: न बघता मांडलं, गणितही सुटलं
- पिवळा: आठवलं, पण मध्येच अडलं किंवा चुकलं
- लाल: सुरुवातच करता आली नाही

समजा 1/v + 1/u = 1/f बरोबर लिहिलं, पण अंतर्गोल आरशाचं नाभीय अंतर धन घेतलं. इथे सूत्र हिरवं, चिन्ह संकेत पिवळा. पुढच्या फेरीत सूत्र घोकू नका, फक्त चिन्हांची चार-पाच गणितं करा.

फेरी ठरवताना आधी ते लाल मुद्दे घ्या ज्यांच्यावर पुढचे मुद्दे उभे आहेत, मग पिवळे. प्रत्येक रंगाशेजारी तारीख लिहा, कारण हिरवाही फिका पडतो. तीन आठवडे जुन्या हिरव्या ओळीला एक प्रश्न पुरे. चुकला तर ती लगेच पिवळी करा.