परांची आणि क्रेन काढायची आहे: रिटचरला काय लिहून द्यावं?

प्रश्न: इमारतीच्या बाहेरच्या फोटोत परांची आणि मागे क्रेन आली आहे. ‘हे काढून टाका’ असं लिहून पाठवलं, तर काम भलतंच झालं. ब्रीफ नेमका कसा लिहायचा?

‘काढा’ एवढं पुरत नाही, कारण परांची काढली की तिथे भोक पडतं. मागे काय होतं हे तुम्ही पाहिलेलं असतं, रिटचरने नाही. ब्रीफचा निम्मा भाग मागे काय होतं हे सांगण्यालाच द्या.

माझ्याकडे एका सात मजली इमारतीचा फोटो होता. डावीकडे तिसऱ्या ते सहाव्या मजल्यापर्यंत परांची आणि हिरवी जाळी, उजवी बाजू मोकळी. मी लिहिलं, ‘उजवीकडून घ्या.’ रिटचरने उजवी बाजू आरशासारखी उलटून डावीकडे बसवली. ऊन डावीकडून होतं, त्यामुळे खऱ्या छज्जांच्या सावल्या उजवीकडे आणि नव्यांच्या डावीकडे पडल्या. वाळत घातलेला लाल टॉवेलही दोनदा दिसला. चूक माझ्या ब्रीफची होती.

दुसऱ्यांदा असं लिहिलं: ‘डावीकडचे चार मजले पुन्हा उभे करायचे आहेत. खिडक्यांची जागा आणि मापं सोबतच्या एलिव्हेशनवरून घ्या. प्लास्टरचा पोत उजवीकडचा, पण न उलटता. सगळ्या सावल्या उजवीकडे. परांचीच्या आतून मोबाइलवर काढलेले चार फोटो ग्रिलच्या नक्षीसाठी आहेत, रंगासाठी नाहीत.’ उभ्या रेषा सरळ करूनच फाइल दिली. नंतर केल्या असत्या तर बसवलेले तुकडेही ओढले गेले असते.

परांचीच्या खुणा तिच्याबाहेरही असतात, त्या हमखास राहतात. जाळीशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर हिरवट झाक येते, समोरच्या काचेत पाइप दिसतात, जमिनीवर त्यांच्या सावल्या पडतात. फोटोच्या प्रतीवर लाल रंगाने ‘काढा’, पिवळ्याने ‘झाक किंवा प्रतिबिंब’, हिरव्याने ‘हात लावू नका’ अशी खूण करा. गच्चीवरची टाकी आणि वीजरोधक सळई हिरव्यात घ्याच. क्रेनच्या नादात ती बारीक सळई उडते.

क्रेनचं अर्धं काम जागेवरच होतं. ट्रायपॉड न हलवता थांबा, क्रेनचा हात फिरला की दुसरी फ्रेम घ्या आणि दोन्ही पाठवा. हाताच्या मागचं खरं आकाश दुसऱ्या फ्रेममधून मिळतं. उभा खांब मात्र हलत नाही, त्यामुळे तो झाडाच्या शेंड्यामागे असेल तर ती पानं हाताने जुळवावी लागतील, हे आधीच लिहा.

फोटो फ्लॅटच्या जाहिरातीसाठी असेल तर जे अजून बांधलेलंच नाही ते उभं करून घेऊ नका. २०१६च्या रेरा कायद्याचं कलम १२ खोट्या जाहिरातीबद्दल बिल्डरला जबाबदार धरतं.

फाइल १६ बिट टिफ, लेयरसह मागा आणि मूळ फोटो तळाला तसाच ठेवायला सांगा. आल्यावर १०० टक्क्यांवर उघडून वरचा लेयर बंद-चालू करा. आकाशात क्रेनच्या जागी दाणा गायब होऊन गुळगुळीत पट्टा दिसला, तर परत पाठवा.