पत्र्याच्या शेडवर सोलर बसवताना भोकं कुठे पाडायची

प्रश्न: नागपूरला घरावर कलर कोटेड पत्र्याचं शेड आहे, त्यावर 3 किलोवॅट सोलर लावायचं आहे. पत्रा गळेल का, वजन झेपेल का? आणि भोकं पाडली की पत्र्याची वॉरंटी जाते म्हणतात, ते खरं का?

उत्तर:

दादा, मी शेड फॅब्रिकेशनचंच काम करतो, आणि गेल्या काही वर्षांत निम्मे फोन सोलर बसवल्यावर गळती लागली म्हणूनच येऊन राहिले. म्हणून आधी वजनाचं सांगतो, कारण भीती सगळ्यांना वजनाची असते आणि खरा धोका उलट्या बाजूने असतो.

540 वॅटचं एक पॅनल साधारण 28 किलोचं. तुम्हाला सहा लागतील, म्हणजे 168 किलो, रेल आणि क्लॅम्प धरून 200 किलो पकडा. हे पसरतं साडेपंधरा चौरस मीटरवर, म्हणजे चौरस मीटरला फक्त 13 किलो. नीट बनवलेल्या शेडला हे काहीच नाही. पण मे महिन्यात आपल्याकडे वादळ सुटतं तेव्हा काय होतं पहा. वाऱ्याच्या कोडमध्ये नागपूरसाठी 44 मीटर प्रति सेकंद वेग धरलाय, त्याचा सरळ हिशोब केला तर चौरस मीटरला जवळपास 118 किलोचा जोर येतो. उतार, उंची, छताची कडा यावर तो कमी-जास्त होतो, पण अंदाजासाठी सगळा वर उचलणारा धरा, तर तुमच्या सहा पॅनलला 1800 किलोच्या वर ओढ. पॅनलचं स्वतःचं वजन वजा केलं तरी 1600 किलो राहतात. म्हणजे प्रश्न पत्रा दबेल का हा नाहीच, पत्र्यासकट सगळं उडेल का हा आहे.

म्हणून पहिला नियम, पॅनलचा आधार पर्लिनमध्ये, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांमध्ये जायला पाहिजे, नुसत्या पत्र्यात नाही. अर्ध्या मिलीमीटरच्या पत्र्यात स्क्रूची पकड फारच कमी असते, दोन मिलीमीटर जाडीच्या पर्लिनमध्ये तोच स्क्रू कितीतरी जास्त जोर सहन करतो. छोटे मिनी रेल थेट पत्र्याच्या उंचवट्यावर लावायची पद्धत आहे, स्वस्त पडते आणि लवकर होते, पण मग सगळी ओढ पत्र्यावर आणि पत्रा धरून ठेवणाऱ्या जुन्या स्क्रूंवर येते. पातळ किंवा जुन्या पत्र्यावर मी ते करू देत नाही. सिमेंटच्या पत्र्यावर तर पायही ठेवू नका, तिथे खालच्या लोखंडी सांगाड्यावरूनच वेगळं स्ट्रक्चर उभं करावं लागतं.

दिघोरीला माझ्या आत्येभावाच्या घरी केलं ते सांगतो. पर्लिनमधलं अंतर 1.4 मीटर होतं आणि ते कामाला आलं, कारण उभं लावलेलं 2.28 मीटरचं पॅनल धरायला दोन रेल साधारण तेवढ्याच अंतरावर लागतात (नेमकी जागा पॅनलच्या मॅन्युअलमध्ये असते, भलतीकडे क्लॅम्प लावला तर पॅनलचीही वॉरंटी जाते). दोन पर्लिन, दोन्हीवर एकेक रेल, प्रत्येक रेलला आठ एल-फूट, म्हणजे रेल धरणारे एल आकाराचे पाय, असे सोळा. 1600 भागिले 16, म्हणजे एका पायावर 100 किलो, प्रत्येक पायाला पर्लिनमध्ये दोन स्क्रू. पण त्याआधी मी खालून टॉर्च मारून पाहिलं तर पर्लिन छताच्या लोखंडी कैचीला वेल्डिंगचा नुसता टाका मारून जोडलेले! वर कितीही मजबूत लावा, पर्लिनच सुटला तर काय उपयोग. तिथे वेल्डिंग नाही केलं, कारण खालून वेल्डिंग मारलं की वरचा रंग आणि कोटिंग जळतं, म्हणून क्लीट आणि यू-बोल्टने आवळलं.

आता गळतीचं. भोक नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर, नालीत कधीच नाही, कारण पाणी वाहतं नालीतून. एल-फूटच्या खाली ईपीडीएम रबरचा पॅड आणि स्क्रूला ईपीडीएमचा वॉशर पाहिजे. स्क्रू इतकाच आवळायचा की रबर थोडं दबलेलं दिसेल; वॉशरच्या बाहेर फुगून आलं तर जास्त झालं, असं रबर दोन उन्हाळ्यांत फाटतं. फिटर लोक मशीन सोडतच नाहीत, टक-टक-टक आवाज येईपर्यंत आवळतात, तिथे उभं राहून बघा. रबरच्या जागी सिलिकॉन भरून देतो म्हणाला तर नाही म्हणा, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर पत्र्याला लावूच देऊ नका, त्यातलं ॲसिड कोटिंग खातं.

गळती पहिल्या पावसाळ्यात न येता दुसऱ्यात येते, ती काहून येते तेही सांगतो. डिसेंबरच्या पहाटे पत्रा 10 डिग्रीवर असतो आणि मे महिन्यात दुपारी 60 च्या वर जातो. 50 डिग्रीच्या फरकाला सात मीटरचा ॲल्युमिनियम रेल 8 मिलीमीटर वाढतो, खालचं लोखंड त्याच्या जवळपास निम्मंच वाढतं. उरलेले चार मिलीमीटर जातात कुठे, तर स्क्रूला रोज थोडं-थोडं हलवतात आणि भोक लांबट होतं. म्हणून अखंड रेल टाकू नका, साडेतीन मीटरचे दोन तुकडे करा, मधात बोटभर फट ठेवा आणि त्या फटीवर कोणतंही पॅनल येऊ देऊ नका.

वॉरंटीचं म्हणाल तर ती दोन वेगळ्या लोकांची असते. गंज आणि कोटिंगची पत्रा बनवणाऱ्या कंपनीची, गळतीची शेड बांधणाऱ्याची. भोक पाडलं म्हणून सगळी जाते असं सरसकट नसतं, कागद वाचावा लागतो. भोकं, तांब्याचा पत्र्याला स्पर्श, कापताना पडलेला लोखंडाचा कीस आणि पावसाने न धुतली जाणारी जागा, या चार गोष्टी त्यात शोधा. शेवटची लोक विसरतात: पॅनलखाली पाऊस पोचत नाही, धूळ-पाखरांची घाण साचते, तिथे वेळोवेळी साध्या पाण्याने धुवायची अट असू शकते. अर्थिंगची तांब्याची वायर पत्र्यावर टेकू देऊ नका, पाइपात घाला. ड्रिलचा कीस त्याच संध्याकाळी मऊ ब्रशने झाडून काढा, नाहीतर एका पावसात लाल ठिपके दिसतात आणि कंपनीवाला तेच दाखवून हात वर करतो.

काम सुरू व्हायच्या आधी पत्र्याचं बिल, स्क्रूच्या जागांचं ड्रॉइंग आणि वॉशरचा फोटो असा ईमेल पत्र्याची कंपनी आणि शेड बांधणारा, दोघांनाही टाका आणि लेखी होकार घ्या, नंतर नाही. सोलरवाल्याकडूनही त्याने पाडलेल्या भोकांतून गळलं तर तो दुरुस्त करेल हे कोटेशनवरच लिहून घ्या.

आणि शेवटचा हप्ता देण्याआधी पाण्याची नळी लावा. उताराच्या खालच्या टोकापासून सुरू करून वर जा, एकेका ओळीवर दहा मिनिटं, आणि एक माणूस खाली टॉर्च घेऊन. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून वाहत येतं आणि कोणतं भोक गळतंय ते कळत नाही.