सेटलमेंट झालेलं कार्ड, फ्रिजचा हप्ता आणि घरकर्ज

प्रश्न : वकीलसाहेब, मी ऐरोलीत राहतो. वीस महिन्यांपूर्वी नोकरी गेली आणि क्रेडिट कार्डाचे १,४२,००० रुपये थकले. आठ महिन्यांपूर्वी बँकेशी ६०,००० रुपयांत सेटलमेंट केली. फ्रिजचं कर्ज मात्र उशिरा का होईना, पूर्ण फेडलं, तरी रिपोर्टमध्ये अजून ३,४०० रुपये थकीत दिसतात. आता नवी नोकरी आहे आणि दीड वर्षात घणसोलीत घर घ्यायचंय. एक एजंट १५,००० रुपयांत महिनाभरात सिबिल साफ करून देतो म्हणतो. देऊ का?

उत्तर : एजंटला एक रुपयाही देऊ नका आणि ओटीपी तर नकोच. रिपोर्टमधली नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज तुम्हाला स्वतःला फुकट करता येतो. ती नोंद बदलायची की नाही, हे ठरवते कर्ज देणारी संस्था. तिने होकार दिल्याशिवाय सिबिल स्वतःहून काही बदलत नाही. एजंट सरसकट सगळ्या नोंदींवर हरकत टाकतो, आणि खरी नोंद असेल तर ती काही दिवसांनी जशीच्या तशी परत येते.

तुमच्या रिपोर्टमध्ये एक नोंद खोटी आहे आणि एक खरी. फ्रिजची नोंद खोटी आहे, ती कायद्याने काढून घेता येते. कार्डाची "Settled" ही नोंद मात्र खरी आहे. तिच्यावर हरकत घेऊन उपयोग नाही, ती बदलली तर बँकेच्या संमतीनेच बदलेल.

सुरुवात फ्रिजपासून करा. रक्कम किरकोळ वाटते, पण सेटल झालेलं खातं निदान बंद तरी आहे. हे ३,४०० रुपये आजही थकीत म्हणून पाठवले जातात, त्यामुळे DPD च्या, म्हणजे हप्ता किती दिवस थकलाय हे दाखवणाऱ्या रकान्यात आकडा वाढत राहतो आणि बँकेला तुम्ही आत्ताही हप्ता चुकवताय असं दिसतं.

पहिल्या महिन्यात सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून रिपोर्ट काढा. वर्षातून एकदा प्रत्येकीने तो पूर्ण स्वरूपात मोफत द्यायचा आहे. घरकर्ज देणारी बँक चौघींपैकी कोणाचा रिपोर्ट बघेल सांगता येत नाही, आणि एका ठिकाणी दुरुस्त झालेली चूक दुसरीकडे तशीच राहिलेली नेहमी सापडते. शेवटच्या हप्त्याची पावती, त्या तारखेचं बँक स्टेटमेंट आणि असेल तर नो ड्यूज पत्र जोडून ज्या ज्या रिपोर्टात चूक आहे तिथे हरकत नोंदवा. त्याच दिवशी फायनान्स कंपनीच्या तक्रार विभागालाही ईमेल करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पहिल्याच ईमेलमध्ये या नियमाचा उल्लेख करा, फाइल हलते. तरीही उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. ठाण्याच्या ग्राहक आयोगाचा विचार त्यानंतर करा, कारण आयोगात दावा चालू असेल तर लोकपाल तीच तक्रार हातात घेत नाही.

कार्डाचं पत्रही याच महिन्यात पाठवा. तुमच्या सेटलमेंटच्या पत्रात "फुल अँड फायनल" असेल, तर उरलेले ८२,००० रुपये मागण्याचा हक्क बँकेने सोडलेला आहे. म्हणजे हे पैसे भरायचे ते फक्त नोंद बदलून घेण्यासाठी, आणि म्हणूनच आधी पत्र, मग पैसे. पत्रात सरळ विचारा : "सेटलमेंटमध्ये सोडलेली रक्कम मी स्वेच्छेने भरू इच्छितो. कोणती रक्कम भरल्यावर खात्याची स्थिती Settled ऐवजी Closed अशी चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवाल, ते लेखी सांगावे." ८२,००० मध्ये मुद्दल किती आणि व्याज व दंड किती, याचा हिशेबही मागा. केवळ मुद्दलावर बँक तयार होते का हे बघायला हरकत नाही, घासाघीस करा. वसुली एजंटाच्या व्हॉट्सॲप मेसेजवर विसंबू नका. पत्र बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरूनच यायला हवं. खातं थकीत कर्जं विकत घेणाऱ्या एखाद्या ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीला विकलेलं असेल, तर बोलणी तिच्याशी करावी लागतील. बँक नाही म्हणाली, तर तिला भाग पाडता येत नाही, आणि लेखी कबुली नसताना पैसे भरले तर पैसे जातील आणि नोंद तशीच राहील.

बँक हो म्हणाली, तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत रक्कम भरून नो ड्यूज घ्या. बँकांना आता निदान पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे महिनाभराने रिपोर्ट पुन्हा बघा. एक मात्र आत्ताच समजून घ्या. "Closed" झालं तरी हप्ते चुकलेल्या महिन्यांचं कोष्टक पुसलं जात नाही, ते त्या खात्यासोबत राहतं. बदलतो तो वरचा शिक्का. घरकर्जाच्या फाइलवर अधिकाऱ्याची नजर आधी त्याच शिक्क्यावर जाते, म्हणून परवडत असेल तर भरा असंच मी सांगेन. घराच्या डाउन पेमेंटचे पैसे मोडून मात्र भरू नका.

दुसऱ्या महिन्यातच २५,००० रुपयांची मुदत ठेव करून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या. ठेव तारण असल्यामुळे खराब स्कोअर सहसा आड येत नाही. समजा लिमिट २०,००० मिळालं, तर वीजबिल आणि किराणा मिळून चार-पाच हजारांवर जाऊ नका. ऑटो डेबिट किमान रकमेला लावू नका, पूर्ण बिलाला लावा. लोकांची चूक होते ती इथे : महिन्यात अठरा हजार वापरून बिल वेळेवर भरलं, तरी ज्या तारखेची माहिती बँक पाठवते त्या दिवशी अठरा हजार बाकी असेल, तर रिपोर्टात जवळपास भरलेलं कार्ड दिसतं. मोठा खर्च झालाच, तर बिल येण्याची वाट न पाहता लगेच भरून टाका.

पाचव्या ते बाराव्या महिन्यात करण्यासारखं फारसं नाही, आणि तेच अवघड जातं. मोबाइल ॲपवरचं झटपट कर्ज, दुकानातली शून्य व्याजाची ईएमआय, "तुमची पात्रता तपासा" म्हणणारे फोन, सगळं टाळा. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टात उमटते. सहाव्या महिन्याच्या आसपास स्कोअर हलायला लागेल, पण किती, हे कोणी छातीठोक सांगत असेल तर तो थापा मारतोय. जिच्याशी सेटलमेंट केली त्या बँकेला सेटलमेंटपासून निदान बारा महिने तुम्हाला नवं कर्ज देता येत नाही, आणि हा काळ ती आपल्या धोरणाने वाढवू शकते. म्हणून घरकर्जासाठी त्या दारात जाऊच नका.

पंधराव्या महिन्यात चारही रिपोर्ट पुन्हा काढा. पत्नी कमावती असून सहकर्जदार होणार असेल, तर तिचेही काढा. अर्ज अठराव्या महिन्यात करा, आणि एकाच बँकेत. बहुधा पगाराचं खातं आहे तिथेच. सेटलमेंट आणि नो ड्यूजची पत्रं, फ्रिजच्या नोंदीची दुरुस्ती आणि नोकरी गेल्याचा पुरावा अर्जासोबतच द्या. अमुक स्कोअर असलाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही, ती रेषा प्रत्येक बँक स्वतः आखते. कार्डाची नोंद "Settled" च राहिली असेल, तर नकाराची किंवा जास्त व्याजाची तयारी ठेवा. अशा नोंदी सात वर्षांपर्यंत दिसत राहतात. कर्ज लेखी मंजूर होईपर्यंत बिल्डरला टोकन द्यावं लागलंच, तर कर्ज नाकारलं गेल्यास ते किती दिवसांत परत मिळेल, हे आधी पावतीवर लिहून घ्या.