जेवणाच्या टेबलावर सेर आणि एस्तार

स्पॅनिशमध्ये ‘असणे’साठी सेर आणि एस्तार अशी दोन क्रियापदं आहेत; ‘एस’ हे सेरचं रूप, ‘एस्ता’ हे एस्तारचं. ‘कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार’ हा नियम तू पाठ केला असशील, तर तो आधी बाजूला ठेव. मेलेल्या माणसाबद्दलही ‘एस्ता मुएर्तो’ म्हणतात, आणि माद्रिद कुठे जाणार नसलं तरी ‘माद्रिद एस्ता एन एस्पान्या’ असंच म्हणतात.

त्यापेक्षा स्पेनमधल्या एखाद्या घरी जेवायला गेलीस असं समज. आमंत्रण येतं: ‘ला कोमिदा एस एन कासा दे आना’, म्हणजे जेवण आनाच्या घरी. इथे जेवण हा कार्यक्रम आहे आणि तो कुठे होणार हे सांगायचंय, म्हणून सेर. तू पोचल्यावर आना म्हणते, ‘ला कोमिदा एस्ता एन ला मेसा.’ आता जेवण म्हणजे टेबलावर मांडलेले पदार्थ, म्हणून एस्तार. लग्न, तास, बैठक कुठे होणार हे सांगतानाही सेरच.

मग चवीचं. गास्पाचो हे टोमॅटोचं सूप थंडच पितात, म्हणून ‘एल गास्पाचो एस फ्रीओ’. पण गरम असायला हवं ते सूप निवलं, तर ‘ला सोपा एस्ता फ्रीआ’. इथे आपली मराठी खरंच कामी येते: गास्पाचो थंड ‘असतं’, हे सूप थंड ‘झालंय’. वर्णन करताना मनात असा फरक करून बघ. जागेसाठी मात्र ही युक्ती वापरू नकोस. आणि आनाच्या हातचं सूप आवडलं तर ‘एस्ता रीका’, म्हणजे चविष्ट झालंय, असं म्हण, कारण समोरच्या वाटीतल्या सूपची चव सांगतेयस.