मुलगा सांगलीहून शिकायला जर्मनीत गेलाय. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या कुठे टाकायच्या? दंड होतो म्हणे, खरं का?

हो, होऊ शकतो. रक्कम शहरागणिक वेगळी. बरणी चमच्याने निपटली तरी पुरे, घासायची गरज नाही. झाकण पॅकेजिंगच्या पिवळ्या डब्यात. बरणी रस्त्यावरच्या काचेच्या कंटेनरमध्ये, रंगाप्रमाणे: पांढरी म्हणजे पारदर्शक, तपकिरी, हिरवी. निळी काच हिरव्यात जाते. फुटलेला चहाचा ग्लास मात्र तिथे नको, ती काच वेगळ्या तापमानाला वितळते. तो उरलेल्या कचऱ्याच्या डब्यात, कागदात गुंडाळून.

दंड बहुधा दोन कारणांनी होतो. रविवारी किंवा रात्री बाटल्या टाकल्या, की आवाजाची तक्रार होते. आणि कंटेनर भरलाय म्हणून पिशवी शेजारी ठेवली, तर तो उघड्यावर टाकलेला कचरा धरतात. पिशवी सरळ घरी न्यावी.