‘परवाच्या कॉलचे पॉइंट्स’: मिसळ नेमकी कुठे फसते?

प्रश्न: आमच्या ऑफिसात सगळे मराठी-इंग्रजी मिसळून बोलतात. बोलताना काही अडत नाही, पण ग्रुपवरच्या मेसेजवरून सारखे घोटाळे होतात. दोष इंग्रजी शब्दांचा आहे का?

माझ्या मते नाही. घोटाळा होतो तो मराठी क्रियापद गळतं तेव्हा. आमच्याच टीममधलं उदाहरण सांगतो. एका बुधवारी मेसेज आला, ‘परवाच्या कॉलचे पॉइंट्स शेअर करणे.’ सोमवारी एक कॉल होऊन गेला होता आणि शुक्रवारी दुसरा व्हायचा होता. एका सहकाऱ्याने तासभर बसून सोमवारी काय ठरलं ते लिहून पाठवलं. लीडला हवे होते शुक्रवारी मांडायचे मुद्दे.

मराठीत ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. तरी आपण अडखळत नाही, कारण ‘परवा कॉल झाला’ आणि ‘परवा कॉल आहे’ यांत काळ क्रियापद सांगतं. इंग्रजीत तो दिवसाच्या नावातच असतो, त्यामुळे तिथे क्रियापद नसलेला मथळा चालून जातो. या मेसेजने मथळ्याची ती घडण इंग्रजीतून घेतली आणि दिवस मात्र मराठीतला ठेवला. शिवाय ‘शेअर करणे’ म्हणजे कोणी करायचं, हेही राहून गेलं. हेच बोलताना लीड म्हणाला असता, ‘परवा कॉल आहे ना, त्याचे पॉइंट्स तू आजच शेअर कर.’ इंग्रजी शब्द तेवढेच, पण शंकेला जागा नाही. तुमचं बोलताना अडत नाही ते यामुळेच. लिहिताना एक तर क्रियापद ठेवावं, नाहीतर सरळ ‘शुक्रवारच्या कॉलचे’ लिहावं.

एरवी ही मिसळ फार नीट चालते. इंग्रजी शब्द मराठीत आला की त्याला लिंग मिळतं: ती फाइल, तो रिपोर्ट. म्हणून ‘तो आत्ता पाठव, ती उद्या दे’ एवढंच म्हटलं तरी समोरच्याला कळतं की आत्ता रिपोर्ट हवाय आणि फाइल उद्या चालेल. इंग्रजीत दोन्हींना एकच सर्वनाम, तिथे नावं पुन्हा घ्यावी लागली असती. (‘ईमेल’चं मात्र अजून ठरलेलं नाही. कोणी ‘तो’ म्हणतं, कोणी ‘ती’.) ‘डिप्लॉय’, ‘रोलबॅक’, ‘बॅकअप’ हे शब्द तर तसेच ठेवावेत. स्क्रीनवर तेच दिसतात, आणि घाईत कोणी प्रतिशब्द वापरला तर नेमकी कोणती क्रिया म्हणतोय हे विचारत बसावं लागेल.

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी याच्या उलट चित्र नोंदवलं होतं. त्यांचा लेख 1971 सालचा आहे. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांच्या वाक्यांची घडण एकमेकांच्या फार जवळ आली होती, शब्द मात्र ज्याचे त्याचे राहिले होते. आपल्या ऑफिसात शब्द मिसळतात आणि घडण मराठीच राहते. निदान राहावी, असं मला कळकळीने वाटतं.

ती अख्खी बदलली तर काय जातं, ते ‘वुई’वरून कळतं. दोन कंपन्यांची मराठी माणसं बोलत असतात आणि मध्येच एक जण म्हणतो, ‘डेटा वुई विल चेक.’ यात समोरची कंपनी आली की नाही? मराठीत सर्वनाम घेतलं की हे मोघम ठेवताच येत नाही. ‘आम्ही चेक करू’ म्हणजे आमचे आम्ही, ‘आपण चेक करू’ म्हणजे तुम्हीही आलात. ‘आपण’ हे ‘तुम्ही’चं आदरार्थी रूपही आहे, पण तिथे ‘आपण चेक कराल’ होतं, म्हणजे पुन्हा क्रियापदच सोडवतं. जबाबदारी वाटून घेताना तरी वाक्य मराठीतच पुरं करावं.

शेवटी ‘कन्फर्म’ या शब्दाबद्दल. इथे क्रियापद असूनही अडतं, कारण ‘कन्फर्म करणे’ आपण दोन अर्थांनी वापरतो. ‘उद्याची डिलिव्हरी कन्फर्म कर’ यावर एक जण गोदामात फोन करून माल निघतोय का ते विचारतो, दुसरा ग्राहकाला माल उद्या येतोय असं कळवून मोकळा होतो. दोघांनीही सांगितलेलं काम केलं, आणि दुसऱ्याच्या बाबतीत माल अजून गोदामातच असू शकतो. पहिलं हवं असेल तर ‘गोदामात विचारून मला सांग’ म्हणावं, दुसरं हवं असेल तर ‘ग्राहकाला नक्की म्हणून कळव’.