ऑपरेशन झालेल्या कलीगला काय मेसेज टाकू?

प्रश्न: टीममधल्या मैत्रिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय, घरी आलीये. हसतखेळत मेसेज टाकायचाय पण तिला रिप्लायचं टेन्शन नको. काय लिहू?

उत्तर: मेसेजमध्ये एकही प्रश्नचिन्ह ठेवू नका, निम्मं काम तिथेच होतं. 'कशी आहेस, दुखतंय का, कधी येणार' हे सगळं प्रेमाने विचारलं तरी उत्तर मागतंच, आणि पेनकिलरच्या गुंगीत पडलेल्या माणसाला दहा जणांना तेच तेच टाइप करायचा वैताग येतो. 'काही लागलं तर सांग' पण नको, कारण मग काय मागायचं हे तिनेच शोधायचं. त्यापेक्षा एक नक्की गोष्ट सांगून टाका, म्हणजे तिचं कुठलं काम कोणाकडे गेलंय ते. मी असं लिहीन:

"अगं, पित्ताशयाला नारळ दिलास म्हणे, बरं केलंस, नुसतं त्रास देत होतं. तुझा महिन्याचा रिपोर्ट मी पाठवला, त्यामुळे लॅपटॉपकडे बघायचं पण नाही. जोक्स मुद्दाम राखून ठेवलेत, टाके बरे झाले की सगळे एकदम ऐकवते. मस्त लोळ. आणि रिप्लाय करायचा नाही, अंगठा पण नको."

शेवटची ओळ काढू नका, तीच महत्त्वाची. जोक्सचं खरंच आहे, पोटाचं ऑपरेशन असेल तर पहिले काही दिवस हसलं खोकलं तरी टाके ओढतात. फक्त ऑपरेशन कसलं हे तिने स्वतः सांगितलेलं नसेल तर पित्ताशयाची ओळ उडवा, आणि ग्रुपवर नको, पर्सनलवरच टाका. व्हॉइस नोट पण नको, ती पूर्ण ऐकत बसावं लागतं. ब्लू टिक दिसली नाही म्हणून दोन दिवसांनी 'मेसेज बघितलास का' असं मात्र विचारू नका हं.